सिंकमध्ये ओतलेलं तेल जातं कुठे?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

मी परळी वैजनाथचा. नळकाम करतो, म्हणजे प्लंबर. गावात कुणाचा नळ गळाला, टाकी वाहिली, सिंक तुंबलं की मला फोन येतो. आणि सिंकचे फोन कधी येणार, हे मला कॅलेंडर बघूनच कळतं. दिवाळीनंतरचा आठवडा, श्रावणातले सण, आणि आमच्या परळीत महाशिवरात्रीचा दुसरा-तिसरा दिवस. म्हणजे ज्या ज्या दिवशी गावात कढई चढते, त्याच्या मागोमाग सिंक तुंबतं.

लोक म्हणतात, "अहो, तेल तर पातळ असतं, ते कसं अडकेल?" आज याच एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. कारण हे एकदा नीट कळलं, की सिंकचं बाकी सगळं आपोआप कळतं.

आधी सिंकच्या खाली काय असतं ते डोळ्यांसमोर आणू. मोबाईलचा टॉर्च लावून एकदा ओट्याखाली वाकून बघा. सिंकच्या भोकाला जाळी असते. जाळीच्या खाली स्टीलचा किंवा प्लास्टिकचा गळा असतो, त्याला आम्ही वेस्ट कपलिंग म्हणतो. त्याला पुढे एक तर वळ्या-वळ्यांचा लवचिक पाईप लावलेला असतो, नाहीतर बाटलीसारखा एक डबा असतो, तो बॉटल ट्रॅप. या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचून राहतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पाईपातला वास आणि झुरळं त्या पाण्यामुळे वर येत नाहीत. तिथून पाणी भिंतीतल्या किंवा फरशीखालच्या मोठ्या पाईपात जातं, मग घराबाहेरच्या चेंबरमध्ये, आणि शेवटी नालीत. सिंकच्या खालचा पाईप जेमतेम सव्वा ते दीड इंचाचा असतो. पुढचा दोन-तीन इंचाचा. म्हणजे सगळा कारभार बांगडीएवढ्या भोकातून चाललेला असतो.

आता तेल. भजी, वडे, शंकरपाळे तळताना तेल साधारण १७० ते १८० अंशांपर्यंत तापतं. आपले पांढरे-करडे पीव्हीसीचे पाईप साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतात, आणि ८० च्या आसपास तर ते मऊच पडायला लागतात. त्यामुळे कढईतलं गरम तेल सरळ सिंकमध्ये ओतलं, तर सगळ्यात आधी तो लवचिक पाईप आणि ट्रॅपच्या चुड्या वाकड्या होतात. मग तिथून थेंब-थेंब गळायला लागतं, आणि ओट्याखालचं लाकूड फुगल्यावर आपल्याला कळतं. दुसरा धोका लगेचचा आहे. सिंक ओलं असतं. तापलेलं तेल पाण्यावर पडलं की त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि तेल उडतं. वरून कुणी घाईघाईत नळ सोडला तर विचारूच नका, चेहरा आणि हात भाजतात. कढई हातात घेऊन सिंककडे जायचंच नाही. ती शेगडीवरच थंड होऊ द्यायची.

पण समजा तेल थंड करून ओतलं, तरी ते अडकतंच. का?

इथे आपल्या भागाचं पाणी मध्ये येतं. परळीला नळाचं पाणी नागापूरच्या वाण धरणातून येतं, पण ते पुरत नाही म्हणून घरोघर बोअर आहेत. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. या पाण्यात अंघोळीचा साबण नीट फेसाळत नाही, आणि बादलीच्या कडेला, मोरीच्या फरशीवर एक पांढरट चिकट थर बसतो. तो तुम्ही सगळ्यांनी नखाने खरवडला असेल. तो थर म्हणजे साबणातलं चरबीचं आम्ल आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र येऊन बनलेला, पाण्यात न विरघळणारा साबण.

अगदी हेच पाईपात होतं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं, त्यात वड्याचं-भज्याचं पाणी गेलं, की तेल थोडं थोडं तुटतं आणि त्यातून चरबीची आम्लं सुटी होतात. पाईपात आल्यावर उरलेलं तेलही हळूहळू तुटत राहतं. ही आम्लं जड पाण्यातल्या कॅल्शियमला भेटतात आणि पाईपाच्या भिंतीवर तोच न विरघळणारा साबण बसायला लागतो. पहिल्या दिवशी तो लोण्यासारखा मऊ असतो. महिन्यांनी खडूसारखा होतो. काही वर्षांनी तो छिन्नीने फोडावा लागतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत असाच दगड तयार करून दाखवला होता. त्यांचं म्हणणं हेच, की गटारात साचणारे हे गोळे म्हणजे बहुतांशी कॅल्शियमचा साबण असतो. सिमेंटच्या चेंबरमधूनही कॅल्शियम सुटतं, म्हणून चेंबरच्या कडेला हा थर जास्त जाड दिसतो.

आता कळलं असेल, की "आम्ही डालडा वापरत नाही, करडीचं तेल वापरतो, ते गोठतच नाही" या बोलण्यात दम का नाही. डालडा आणि तूप थंडीत लगेच गोठतं, ते खरं आहे. पण करडी, सोयाबीन, शेंगदाणा यांचं तेल न गोठताही पाईपाला चिकटतं, आणि पुढचं काम आपलं जड पाणी करतं.

त्यात अजून एक गोष्ट मराठवाड्यातच कळते. पाईप स्वच्छ राहायला पाण्याचा लोट लागतो. पण आपल्याकडे पाण्याची टंचाई नवी नाही. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, मग घराघरांत काय असेल? अशा वेळी बायका टोपात पाणी घेऊन भांडी विसळतात. ते बरोबरच आहे, पाणी वाचवायलाच पाहिजे. पण मग सिंकमधून पाणी लोट होऊन जात नाही, पाझरत जातं. पाझरणाऱ्या पाण्यातलं तेल आणि कण पुढे ढकलले जात नाहीत, वाटेतच बसतात. म्हणून जिथे पाणी कमी तिथे सिंकमध्ये तेल जाऊ न देणं जास्त गरजेचं.

तेल हा डिंक झाला, आणि खरकटं म्हणजे त्यात मिसळणारी वाळू. भाताची शितं पाण्यात फुगतात. कणकेचं, बेसनाचं पाणी भिंतीला चिकटून लापशीसारखं होतं. चहाची पत्ती वाहून जात नाही, ट्रॅपच्या तळाशी बसते. शेंगदाण्याचा कूट, मोहरी, कोथिंबिरीच्या काड्या, हे सगळं त्या चिकट थरात रुतून बसतं. नुसतं तेल अडवायला वर्षं लागली असती, तिथे तेल आणि खरकटं मिळून काही महिन्यांत पाईप बुजवतात.

आता एक प्रसंग सांगतो. घर कुणाचं ते सांगत नाही, पण काम माझ्याच हातचं आहे.

महाशिवरात्र होऊन दुसरा दिवस. वैजनाथाच्या दर्शनाला आलेले पाहुणे अजून गावातच होते. मला फोन आला. घर दोन मजली. खाली घरमालकीण काकू, वर भाड्याने राहणारं एक तरुण जोडपं, येऊन चार महिने झालेले. खालच्या सिंकमध्ये पाणी वर आलं होतं, आणि त्यात साबुदाणे तरंगत होते. काकूंच्या घरी त्या दिवशी साबुदाणा केलाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

काकू म्हणाल्या, "बघ बाबा, हे वरच्यांचे उद्योग. कढईभर तेल ओतलंय त्यांनी. मी त्यांना सांगितलंय, महिना संपला की खोली मोकळी करा."

वरची ताई जिन्यात उभी होती, रडकुंडीला आलेली. ती म्हणाली, "दादा, आमचं सिंक एकदम चांगलं चालतंय. तुंबलंय ते खालचं. मग आमचा काय दोष?"

गंमत अशी, की दोघी जे बघत होत्या ते खरंच होतं. दोन्ही मजल्यांच्या सिंकचं पाणी एकाच उभ्या पाईपातून खाली येतं. तो पाईप तळाशी आडवा होतो आणि फरशीखालून बाहेरच्या चेंबरला जातो. त्या आडव्या तुकड्यात अडथळा आला, तर वरून येणारं पाणी मागे साचतं आणि सगळ्यात खालच्या भोकातून वर येतं. ते भोक काकूंचं सिंक. वरच्या सिंकला याची जाणीवही होत नाही. म्हणून खालच्या सिंकमध्ये वरच्यांचं खरकटं दिसलं, तर अडथळा दोघांच्या जोडापुढे आहे, एवढंच सिद्ध होतं. तो कुणी केला, हे त्यावरून कळत नाही.

मी बाहेरचं चेंबर उघडलं. ते कोरडं होतं. वरून दोन बादल्या पाणी सोडायला सांगितलं, तरी चेंबरमध्ये करंगळीएवढी धार आली. म्हणजे अडथळा उभा पाईप आणि चेंबर यांच्या मधल्या सहा फुटांत. तिथे कोपऱ्यावर झाकण असलेला बेंड होता, त्याला आम्ही डोअर बेंड म्हणतो, तो साफसफाईसाठीच असतो. माझ्यासोबतच्या पोराने झाकणाचे स्क्रू सैल केले आणि आतलं पाणी त्याच्या मनगटावर आलं. पोरगं ओरडलंच. पाणी सुळसुळीत लागत होतं आणि कातडी लालबुंद झाली होती. मग काकू म्हणाल्या, सकाळी शेजारच्यांनी सांगितलं म्हणून नाली मोकळी करायची पावडर दोन पुड्या टाकली होती. ती पावडर म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा. मी पोराचा हात नळाखाली धरला आणि वीस मिनिटं पाणी सोडून ठेवलं, मग दवाखान्यात पाठवलं. जखम वरवरची राहिली. डोळ्यात गेलं असतं तर डोळा गेला असता. तेव्हा प्लंबर यायच्या आधी काहीही टाकलं असेल, तर त्याला दारातच सांगा. लाज वाटायचं कारण नाही, पण न सांगितलं तर समोरच्याचा हात जातो.

हातमोजे आणि चष्मा घालून मग मी झाकण काढलं. आत अडकलेला गोळा बाहेर आला तो मी वर्तमानपत्रावर ठेवला आणि दोघींना दाखवला. वरचा थर पिवळट, मऊ, त्यात साबुदाणे. हे कालचं तेल. त्याच्या खाली करडा, घट्ट थर. आणि पाईपाला चिकटलेला सगळ्यात आतला थर पांढरा, खडूसारखा, स्क्रू-ड्रायव्हरने टोचला तर त्याचे तुकडे पडत होते. तो थर चार महिन्यांत बसत नाही. त्याला कित्येक वर्षं लागतात. म्हणजे तीन इंचाच्या पाईपातलं भोक आधीच अंगठ्याएवढं राहिलं होतं. काल रात्रीचं तेल आणि साबुदाणा हे फक्त शेवटचं निमित्त.

शिवाय मी लेव्हलपट्टी लावून बघितली. त्या सहा फुटांना उतार अर्धा इंचसुद्धा नव्हता. अशा पाईपाला चाळीसला एक उतार लागतो, म्हणजे सहा फुटांना साधारण पावणेदोन इंच. सपाट पाईपात पाणी थांबतं आणि जे थांबतं ते बसतं. बांधकामाच्या वेळचीच चूक होती ती.

काकू काही वेळ त्या पांढऱ्या तुकड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझीच दिवाळी बसलीय की रे यात." मी म्हटलं, काकू, तुमची, आधीच्या भाडेकरूंची, सगळ्यांचीच. खोली मोकळी करायचा विषय तिथेच संपला. वरच्या ताईने अर्धा लिटरच्या आसपास तेल ओतल्याचं कबूल केलं. पुढच्या आठवड्यात आडवा तुकडा बदलून उतार काढला, आणि खर्च मालकांनी केला, कारण तो घराचा दोष होता.

आता तुमच्या घरी सिंक तुंबलं तर क्रमाने काय करायचं ते सांगतो.

पहिलं, अडथळा कुठे आहे ते ओळखा. फक्त एकच सिंक हळू उतरत असेल आणि बाथरूम, मोरी ठीक असेल, तर बहुतेक वेळा दोष ट्रॅपमध्येच असतो. सिंक सोडल्यावर मोरीच्या जाळीतून पाणी वर आलं, किंवा गुडगुड आवाज आला, तर अडथळा पुढे आहे. अनेक दिवस हळूहळू मंदावत गेलं असेल तर ते तेलाचं काम. सकाळी चांगलं होतं आणि दुपारी एकदम बंद पडलं, तर चमचा, बाटलीचं झाकण, घासणीचा तुकडा असं काहीतरी आत गेलंय.

दुसरं, रबरी पंप मारा. हार्डवेअरच्या दुकानात लाकडी दांड्याचा मिळतो. सिंकमध्ये पंपाची कड बुडेल एवढं पाणी ठेवा. सिंकच्या वरच्या कडेला जास्तीचं पाणी जाण्याचं भोक असेल, तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. दुहेरी सिंक असेल तर दुसरं भोकही बंद करा. मग पंधरा-वीस वेळा सलग वर-खाली करा आणि झटक्याने उचला. जोर खाली दाबण्यात जेवढा असतो तेवढाच वर ओढण्यातही हवा. पावडर किंवा ॲसिड टाकलेलं असेल, तर पंप अजिबात मारायचा नाही, ते तोंडावर उडतं.

तिसरं, ट्रॅप उघडा. खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरून निघते, पाना लागत नाही. उघडण्याआधी एक फोटो काढा, रबरी वायसर कुठला वर आणि कुठला खाली ते लक्षात राहत नाही. वाटीतला गाळ जुन्या टूथब्रशने काढा. तो गाळ सिंकमध्ये नको, कचऱ्यात टाका. परत बसवताना वायसर सरळ बसलाय ना ते बघा, हातानेच आवळा, आणि खाली कोरडा कागद ठेवून एक बादली पाणी सोडा. कागद ओला झाला तर पुन्हा बसवा.

एवढ्याने झालं नाही तर प्लंबरला बोलवा. आमच्याकडे लांब स्प्रिंग असते, ती पाईपात फिरवत फिरवत घालतात. लोखंडी सळई खुपसू नका. प्लास्टिकच्या पाईपाला भोक पडतं आणि मग फरशी फोडावी लागते.

आता रसायनांबद्दल एकदाच आणि स्पष्ट. पूर्ण तुंबलेल्या सिंकमध्ये कॉस्टिकची पावडर टाकू नका. ती पाण्यात गरम होते, अडथळ्यापर्यंत पोचत नाही, तिथेच साचून पाईप तापवते. शिवाय तेलाबरोबर तिचा घट्ट साबण होऊन गोळा आणखी कडक होऊ शकतो. पावडर चालली नाही म्हणून वरून संडास साफ करायचं ॲसिड ओतणं तर जीवावरचं काम आहे, दोन्ही एकमेकांवर उसळतात. आणि ब्लीच व ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो छातीत जातो. असा डोळे चुरचुरणारा वास आला, तर काही साफ करत बसू नका, खिडकी उघडून बाहेर पडा.

"उकळतं पाणी ओतलं की तेल वितळून जातं" हेही खूप जण सांगतात. वितळतं, पण जातं किती लांब? चार-पाच फुटांवर पाईप गार असतो, तिथे ते पुन्हा बसतं. आधी हाताशी असलेला अडथळा आता फरशीखाली गेला. भांड्यांच्या लिक्विडचंही तसंच. त्याने तेलाचे बारीक थेंब होतात, पण पुढे पाणी पातळ झालं की ते थेंब परत एकत्र येतात.

आणि पुढे म्हणजे कुठवर? मोठ्या शहरांत भुयारी गटारांपर्यंत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि कचऱ्याचा एकच गोळा सापडला. लांबी २५० मीटर, वजन १३० टन. तिथे माणसांनी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यांनी तो अनेक आठवडे फोडला. आपल्याकडे अजूनही कधी कधी माणूस आत उतरवला जातो. आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. तरी आतल्या वायूने माणसं मेल्याच्या बातम्या येतातच. तुमच्या घरचं चेंबर किंवा सेप्टिक टाकी तुंबली, तर कुणालाही आत उतरू देऊ नका, तो स्वतः तयार असला तरी. यंत्राची गाडी मागवा.

मग तळणीच्या तेलाचं करायचं काय? आधी ते पूर्ण थंड होऊ द्या. चांगलं असेल तर गाळून झाकून ठेवा आणि दोन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. काळं पडलं, फेस यायला लागला, खवट वास आला, की ते खाण्यातून गेलं. थोडं असेल तर जुन्या वर्तमानपत्रात, भुशात किंवा राखेत जिरवा आणि कचऱ्यात टाका. परळीत राखेला तोटा नाही, पण मी चुलीच्या राखेबद्दल बोलतोय हां, औष्णिक केंद्राच्या नव्हे. जास्त असेल तर झाकणाच्या जुन्या कॅनमध्ये साठवा. हॉटेल आणि फरसाणवाल्यांसाठी एफएसएसएआयने २०१८ पासून नियम केलाय, की तेलातली बिघडलेली द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. त्याच वर्षी वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजनाही त्यांनी सुरू केली. तुमच्या ओळखीचं कुणी मेस चालवत असेल, तर त्यांना हे सांगा.

रोजच्या भांड्यांसाठी एकच सवय. तेलकट कढई, तवा, ताट सिंकमध्ये ठेवण्याआधी कागदाच्या तुकड्याने पुसून घ्या. खरकटं ओल्या कचऱ्यात झटका. आमच्या आज्या राखेने भांडी पुसायच्या, तेल राखेत जायचं आणि राख उकिरड्यावर. तोच प्रकार आहे हा. एका कागदाने पाईपात जाणारं बहुतेक तेल थांबतं, आणि भांडी घासायला पाणीही कमी लागतं. जाळीवर आणखी एक बारीक छिद्रांची स्टीलची जाळी ठेवा, वीस-तीस रुपयांचं काम आहे.

राहिली सिंकची स्वच्छता. सिंक चकचकीत दिसतं म्हणजे ते स्वच्छ असतं असं नाही. खरी घाण जिथे बोट जात नाही तिथे असते. जाळीची खालची बाजू, कपलिंगचा गळा, नळाच्या बुडाचा कोपरा, आणि सगळ्यात जास्त ती कायम ओली राहणारी घासणी. तो जो बुळबुळीत थर लागतो ना, तो जंतूंनी स्वतःसाठी बांधलेलं घर असतं. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. रात्री शेवटचं भांडं झालं की जाळी काढा, दोन्ही बाजूंनी ब्रशने घासा, सिंकला साबण लावून धुवा, आणि कोरड्या फडक्याने पुसा. पुसणं महत्त्वाचं, कारण कोरड्या जागेवर जंतू वाढत नाहीत आणि झुरळांना पाणी मिळत नाही. घासणी पिळून उभी ठेवा, सिंकच्या तळाशी टाकू नका. वास यायला लागला की बदला.

कच्चं चिकन-मटण धुतलं असेल त्या दिवशी थोडं जास्त करा. साबणाने सिंक धुवून झाल्यावर एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साधं ब्लीच घालून ते पाणी सिंकला लावा, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. आधी साबणाने धुणं जरूर आहे, कारण तेलकट पृष्ठभागावर ब्लीच काम करत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, ॲसिड काहीही मिसळायचं नाही.

उन्हाळ्यात महिनाभर गावाला गेलात आणि परत आल्यावर सिंकमधून घाण वास आला, तर लगेच ते तुंबलंय असं समजू नका. ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. दोन तांबे पाणी ओता, वास थांबेल. नाही थांबला तर मग फोन करा.

जाता जाता एक काम देतो. आज रात्री भांडी झाल्यावर सिंकचं भोक बंद करून त्यात एक बादली पाणी भरा. मग भोक मोकळं करा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. पाणी पूर्ण जायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात, त्याच बादलीने, पुन्हा तेच करा. सेकंद तेवढेच असतील तर पाईप ठीक आहे. दहा-पंधरा सेकंदांनी वाढले असतील, तर आत थर बसायला लागलाय. अजून तो लोण्यासारखा मऊ असतो, ट्रॅप उघडून ब्रशने निघतो. पांढरा झाल्यावर मला छिन्नी घेऊन यावं लागतं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कढई शेगडीवरच थंड होऊ द्या.